एका जिवाला किती डॉलर? मैत्रिणीचं गणित, गडचिरोलीचे अठरा आणि हरियाणाचे साडेपाचशे

गेल्या महिन्यात माझ्या एका मैत्रिणीने मला एक प्रश्न विचारला आणि तो अजून डोक्यातून जात नाहीये. आम्ही दोघींनी एम.एस्सी. संख्याशास्त्र एकत्र केलं. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली, मी पीएचडीला राहिले. ती म्हणाली, "तुला फेलोशिपचे बेचाळीस हजार मिळतात. माझ्यासारखी नोकरी धरलीस तर दीड लाख मिळतील. त्यातले तीस हजार दर महिन्याला दान केलेस तरी तू आजच्यापेक्षा आरामात राहशील. वर्षाचे झाले तीन लाख साठ हजार, म्हणजे साधारण चार हजार दोनशे डॉलर. एवढ्या पैशांत वर्षाला जवळपास एक लहान मूल वाचतं. तुझी पीएचडी वर्षाला एक मूल वाचवते का गं?"

हे ती चेष्टेत म्हणत नव्हती. ती स्वतः पगारातून दान करते आणि त्याचा हिशोब ठेवते. तिने मला पीटर सिंगर यांचं २०१५ सालचं 'द मोस्ट गुड यू कॅन डू' हे पुस्तक वाचायला दिलं. आजचा लेख त्या पुस्तकातल्या विचारावर टीका म्हणून लिहिते आहे. तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेटची तयारी करताय, पीएचडीला जावं की नाही या विचारात आहात. हा प्रश्न उद्या तुम्हालाही कोणीतरी विचारणार, म्हणून आधीच मांडलेला बरा.

पुस्तकात मॅट वेज नावाच्या मुलाची गोष्ट आहे. तो प्रिन्स्टनला सिंगर यांचा विद्यार्थी होता. तत्त्वज्ञानात हुशार, ऑक्सफर्डला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेशही मिळालेला. त्याने तो सोडला आणि वॉल स्ट्रीटवर ट्रेडिंगची नोकरी घेतली. पदवीनंतर वर्षभरातच तो कमाईचा जवळपास निम्मा भाग, म्हणजे लाखाच्या वरचे डॉलर, दान करत होता. याला 'कमवा आणि द्या' म्हणता येईल. चांगलं काम स्वतः करण्यापेक्षा भरपूर कमवायचं आणि ते काम उत्तम करणाऱ्यांना पैसे द्यायचे, असा हा मार्ग. म्हणजे संशोधन सोडून नोकरी धरलेला मुलगा इथे आदर्श ठरतो! मी पुस्तक जरा रागातच वाचलं, हे कबूल करते.

पण राग आला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. सिंगर यांचा मूळ युक्तिवाद १९७२ च्या एका निबंधातला आहे. पूर्व बंगालमधले निर्वासित लाखोंनी भारतात येत होते तेव्हा तो लिहिला गेला. तळ्यात एक मूल बुडतंय, तुमचे कपडे खराब होतील एवढाच तोटा आहे, तर तुम्ही उडी माराल ना? मग ते मूल हजारो मैलांवर असलं तर तुमचं कर्तव्य कमी कसं होतं? याला मला आजवर चांगलं उत्तर सापडलेलं नाही. विल मॅकअस्किल यांनी 'डूइंग गुड बेटर' मध्ये हेच आणखी पुढे नेलंय. इथिओपियातल्या एका फिस्टुला रुग्णालयात ते स्वतः जाऊन आले, तिथल्या बायकांना भेटले, आणि तरीही आपला पैसा तिथे द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं. केवळ मी यांना भेटलो म्हणून यांना जास्त महत्त्व देणं हा इतरांवर अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्या गावच्या शाळेला, देवळाला, समाजाच्या वसतिगृहाला देणारे आपण सगळे या मापाने चुकतोय.

मग द्यायचं कुणाला? इथे हिशोब येतो. गिव्हवेल ही अमेरिकेतली संस्था २००७ पासून हेच काम करते. वेगवेगळ्या संस्थांच्या कामाचे पुरावे तपासायचे आणि एक जीव वाचवायला किती खर्च येतो याचा अंदाज काढायचा. मलेरियाची औषधं, मच्छरदाण्या, 'अ' जीवनसत्त्वाचे डोस, लसीकरणासाठी आईला थोडे पैसे अशा त्यांच्या वरच्या यादीतल्या कामांचा आकडा साधारण तीन ते साडेपाच हजार डॉलरच्या आसपास येतो. मैत्रिणीचा 'वर्षाला जवळपास एक मूल' इथूनच आला.

आता हा आकडा कसा तयार होतो ते आपल्या जवळच्या एका उदाहरणावर करून बघू.

१९९९ साली 'लॅन्सेट' मध्ये गडचिरोलीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि 'सर्च' मधले त्यांचे सहकारी यांचा. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणं, अंगावर पाजण्यातल्या अडचणी सोडवणं, आणि सगळ्यात वादाचं म्हणजे जंतुदोषाची लक्षणं ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, ही त्यांची कामं. बाकी ४७ गावांत हे नव्हतं, तिथे फक्त जन्म-मृत्यू मोजले. सुरुवातीला दोन्हीकडे हजार जन्मांमागे साठाच्या आसपास बाळं पहिल्या २८ दिवसांत दगावत होती, एकीकडे ६२ आणि दुसरीकडे ५८. तिसऱ्या वर्षी काम झालेल्या गावांत हा आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहिल्यावर ही घट ६२ टक्के निघाली.

त्याच शोधनिबंधाच्या सारांशात दोन छोटे आकडे आहेत. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर. दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. तुम्ही गुणाकार केलाच असेल. पंचाण्णव डॉलर! गिव्हवेलच्या आकड्याच्या तीसपट-पन्नासपट स्वस्त. मी पहिल्यांदा हा गुणाकार केला तेव्हा मैत्रिणीला लगेच मेसेज टाकला, "बघ, तुझं आफ्रिका सोड, गडचिरोलीला दे."

तिचं उत्तर आलं, "आता नीट कर." आणि तिचं बरोबर होतं.

नीट करायचं म्हणजे काय? पहिली गोष्ट, १८ या आकड्यात पोटात दगावणारी बाळंही धरलेली आहेत. फक्त नवजात मृत्यू घेतले, तर साठातले ६२ टक्के म्हणजे हजारामागे ३७ टळले, म्हणजे साधारण २७ बाळांमागे एक. हा फरक लहान आहे. दुसरी गोष्ट मोठी आहे. ही २७ साठाच्या मृत्युदरावर उभी आहे. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार देशाचा नवजात मृत्युदर २० होता आणि महाराष्ट्राचा ११. दर वीस असेल तर तेच काम, तेवढंच चोख केलं तरी हजारामागे बारा-साडेबारा मृत्यू टळतील. म्हणजे ८० बाळांमागे एक. कामात काहीच बिघडलं नाही, फक्त टाळता येण्याजोगे मृत्यूच कमी उरले.

तिसरी गोष्ट सगळ्यात त्रासदायक. तेच काम दुसऱ्याने केलं तर? हरियाणात सरकारी यंत्रणेमार्फत असाच एक मोठा प्रयोग झाला, तो २०१२ ला 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये आला. अठरा प्राथमिक आरोग्य केंद्रांची क्षेत्रं, त्यातली नऊ चिठ्ठ्या टाकून निवडलेली. गृहभेटी होत्या, आजार ओळखायचं प्रशिक्षण होतं, पण गडचिरोलीसारखं घरी इंजेक्शन देणं हा गाभा नव्हता, त्यामुळे अगदी तंतोतंत तेच काम असं म्हणता येणार नाही. तिथे नवजात मृत्यूंमधली घट निघाली ९ टक्के. आणि तिची विश्वासमर्यादा २० टक्के घटीपासून ३ टक्के वाढीपर्यंत पसरलेली, म्हणजे कदाचित फरक शून्यही असेल. एक वर्षाच्या आतल्या सगळ्या बालमृत्यूंत मात्र खात्रीची घट होती, १५ टक्के. त्या अभ्यासातलं मला सगळ्यात आवडलेलं पान म्हणजे घरी जन्मलेली आणि दवाखान्यात जन्मलेली बाळं वेगळी करून पाहिलेलं. घरी जन्मलेल्यांत मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. दवाखान्यात जन्मलेल्यांत फरक दिसला नाही.

वीसच्या दरावर ९ टक्के लावा. हजारामागे १.८ मृत्यू टळतील, म्हणजे साडेपाचशे बाळांमागे एक. खर्च तोच ५.३ डॉलर धरला, जो नव्वदच्या दशकातला आहे आणि आज नक्कीच जास्त असेल, तरी एका जिवाला जवळपास तीन हजार डॉलर. गिव्हवेलच्या यादीच्या बरोबरीला आलो की! पंचाण्णवपासून तीन हजारांपर्यंत. मी एकही आकडा खोटा वापरला नाही, फक्त 'कुठे, केव्हा, कोणी' हे तीन प्रश्न विचारले.

चौथा प्रश्न उरलाच. तुमचे पैसे नसते तर काय झालं असतं? २०११ पासून केंद्र सरकारने घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर आशा ताईंमार्फत सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात, आणि ठरलेल्या भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये. म्हणजे आज कोणी दानशूर म्हणाला की मी या भेटींचा खर्च उचलतो, तर तो सरकार तसंही करणार असलेला खर्च उचलेल. जीव वाचतील, पण ते त्याच्या पैशाने वाचले असं म्हणता येणार नाही.

इथपर्यंत मैत्रीण जिंकली. मोजमाप केलं नसतं तर मी पंचाण्णव डॉलरचा आकडा मिरवत बसले असते, आणि त्यामागचं खरं कारण एवढंच की गडचिरोली माझ्या आजोळापासून दोन तासांवर आहे. आपुलकीने आकडा फुगतो, हे मी स्वतःवर अनुभवलं.

पण आता त्याच शोधनिबंधाकडे दुसऱ्या बाजूने बघा. या पुस्तकांवर माझा खरा आक्षेप इथे आहे.

५.३ डॉलर आणि १८ बाळं हे दोन आकडे आले कुठून? घरी जन्मलेलं बाळ तिसऱ्या दिवशी दगावलं, तर ते कागदावर सहसा येत नाही. कुटुंब परक्या माणसाला सांगत नाही. सांगितलंच तर 'मेलेलंच जन्मलं' असं सांगून विषय संपवतात. ही नोंद मिळवायला घरात शिरता यावं लागतं. गावातली बाई लागते, तिच्यावर विश्वास लागतो, तिने लिहिलेलं तपासणारा दुसरा माणूस लागतो, आणि हे सगळं वर्षानुवर्षं लागतं. २००१ साली महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. आपापल्या भागात त्यांनी घरोघर मोजलेले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त निघाले. ज्या रजिस्टरवर तुमचा-माझा हिशोब उभा आहे, त्या रजिस्टरमध्ये ही बाळं नव्हतीच.

बंग दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून १९८० च्या दशकाच्या मध्यात गडचिरोलीला आलं. १९८९ ला डॉ. राणी बंग यांचा दोन गावांतल्या बायकांच्या स्त्रीरोगांवरचा अभ्यास आला, त्यात ९२ टक्के बायकांना काही ना काही आजार निघाला. १९९० ला बालकांच्या न्यूमोनियावरचा अभ्यास आला. त्यानंतर नवजात बाळांचं काम, आणि तो निबंध १९९९ ला. म्हणजे पंचाण्णव डॉलरच्या आकड्यामागे डझनभर वर्षांचं एकाच ठिकाणी राहणं आहे. ते त्या ५.३ डॉलरमध्ये कुठेच दिसत नाही.

कल्पना करा, १९८६ साली गिव्हवेलसारख्या संस्थेपुढे गडचिरोलीचा प्रस्ताव ठेवला असता. पुरावा काय? नाही. एका जिवाला खर्च किती? माहीत नाही. बाळं नेमकी कशाने दगावतात? तेच तर शोधायचंय. यादीत नाव आलं नसतं, आणि त्यांच्या नियमाने ते बरोबरच होतं. आज अशा संस्था संशोधनालाही पैसे देतात, हे खरं आहे. पण प्रश्न कोणता विचारायचा हे माहीत असलेला माणूस आधी तिथे असावा लागतो. तो हिशोब करून तिथे आलेला नसतो.

मला वाटतं सिंगर आणि मॅकअस्किल दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. 'अंतरामुळे कर्तव्य कमी होत नाही' हे मला मान्य आहे. पण त्याच्या मागून गुपचूप आणखी एक विधान येतं, की अंतरामुळे माहितीही कमी होत नाही, न्यूयॉर्कमध्ये बसून कोष्टकावरून सगळं कळतं. हे मला मान्य नाही. मॅकअस्किल त्या फिस्टुला रुग्णालयात गेले, त्याला ते भावनेचा भाग समजतात. त्या भेटीत आकड्यात न येणारं काही कळलंही असेल, ही शक्यता त्यांच्या हिशोबात धरलेलीच नाही. जवळ असणं हे मोजण्याचं साधनसुद्धा असतं, जसं थर्मामीटर हे साधन आहे.

पण थांबा, याचा अर्थ माझ्या गावाला दिलेला प्रत्येक रुपया शहाणपणाचा ठरला असा काढू नका. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपने तीन वर्षांपूर्वी वर्गणी काढून डिजिटल फळा घेतला. मीही दोन हजार दिले होते. मागच्या दिवाळीत गेले तर त्यावर चादर घातलेली. वर्गात वीज दुपारी नसते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आम्ही त्याच वर्गात घामाघूम होऊन शिकलो होतो. तरी कोणी विचारलं नाही. आपुलकी होती, पण तिने मोजण्याचं काम केलंच नाही. गडचिरोलीत राहणं आणि गडचिरोलीत राहून रजिस्टर ठेवणं यात जो फरक आहे, तोच इथे.

आणि 'कमवा आणि द्या' चं काय? एफटीएक्सच्या सॅम बँकमन-फ्राइडचं नाव घेऊन हा मार्गच फसवा आहे असं म्हणणं सोपं आहे. ते मला पटत नाही, एका माणसाने ग्राहकांचे पैसे लाटले म्हणून माझ्या मैत्रिणीचे तीस हजार वाईट होत नाहीत. तिच्या हिशोबात मला दिसणारी खरी फट वेगळी आहे. मी पीएचडी सोडली तर माझी जागा दुसरं कोणीतरी घेईल, म्हणून माझं संशोधन फारसं मोजायचं नाही, असं ती म्हणते. हे माझ्याबाबतीत बऱ्यापैकी खरं आहे. मी छोट्या क्षेत्रांचे मृत्युदर अंदाजायच्या पद्धतींवर काम करते, आणि माझ्यासारखे देशात बरेच जण आहेत. पण हा नियम सगळ्या जागांना सारखा लागत नाही. १९८६ मध्ये गडचिरोलीतल्या जागेसाठी रांग लागलेली नव्हती. तुम्ही संशोधनाचा विषय निवडताना हा प्रश्न स्वतःला विचारून बघा: मी हे केलं नाही तर कोण करेल, आणि किती वर्षांनी? उत्तर 'पुढच्या वर्षी शेजारच्या लॅबमध्ये' असं असेल, तर मैत्रिणीचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षाही जास्त लागू पडतं.

मी नोकरी धरलेली नाही. फेलोशिपमधून दर महिन्याला दोन हजार काढते. त्यातले हजार आता मैत्रीण सांगते तिथे जातात. उरलेले हजार आमच्या गावच्या वाचनालयाला, जिथे बसून मी नेटचा अभ्यास केला. मागच्या महिन्यात मी वाचनालयाच्या काकांना फोन करून विचारलं की संध्याकाळी किती मुलं येतात, लिहून ठेवता का? काका थोडे दुखावले. "हजार रुपयांचा हिशोब मागतेस होय बाळा?" म्हणाले. मी समजावलं, हिशोब पैशांचा नको, मुलांचा हवाय. आठ दिवसांनी त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एका संध्याकाळची चौदा नावं, त्यातल्या नऊ मुली.

मी तो फोटो मैत्रिणीला पाठवला. तिने विचारलं, "वाचनालय नसतं तर या नऊ जणी कुठे बसल्या असत्या?"

मला माहीत नव्हतं. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "ते वहीत कसं कळणार, त्यासाठी तुला गावी यावं लागेल." पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जाते आहे.